वयाचे डाग, वांग आणि ‘लेंटिगो मॅलिग्ना’: मराठीत काय म्हणावं?

मेलबर्नची नर्स: इथल्या वृद्धाश्रमात नव्याने कामाला लागलेल्या मराठी मुलींसाठी सूचना लिहितेय. आजी-आजोबांचं तोंड रोज त्याच धुतात, म्हणून चेहऱ्यावरचा डाग आधी त्यांनाच दिसतो. एज स्पॉटला ‘वांग’ लिहू का? आणि लेंटिगो मॅलिग्नाला काय लिहू?

सोलापूरची सून: वांग नको. वांग तरुणपणी, बाळंतपणाच्या आसपास, बहुतेक दोन्ही गालांवर येतो. म्हातारपणचे ते ‘वयाचे डाग’. आमच्या सासूबाईंच्या गालांवर काळे, बारीक, फुगीर ठिपके आहेत. त्याला कुठलं क्रीम चालेल?

शब्दवेडा: लॅटिनमध्ये ‘लेन्स’ म्हणजे मसूर, त्यावरून लेंटिगो. आपल्याला तीळ दिसला, त्यांना मसूर! मॅलिग्ना म्हणजे घातक. सरळ ‘कॅन्सरचा डाग’ लिहा.

त्वचेचा डॉक्टर: मसूर बरोबर, पण एज स्पॉटलाही आम्ही सोलर लेंटिगोच म्हणतो. त्यामुळे ‘मसूर’ या शब्दाने दोन्ही वेगळे होत नाहीत. लेंटिगो मॅलिग्ना हा मेलानोमाच, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींचा कॅन्सर, पण अजून त्वचेच्या वरच्या थरातला. तो खाली उतरला की नावाला पुढे ‘मेलानोमा’ जोडतात. ‘कॅन्सरचा डाग’ वाचून घरच्यांना वाटेल की सगळं पसरलं. ताई, सासूबाईंचे ठिपके बघितल्याशिवाय क्रीम सांगणार नाही.

मेलबर्नची नर्स: आमच्या इथल्या एका 76 वर्षांच्या गोऱ्या आजींचं सांगते. जुन्या फोटोत डाव्या गालावर मसुरीएवढा तपकिरी डाग होता. पाच-सहा वर्षांत तो रुपयाच्या नाण्याएवढा झाला. एका कडेला फिकट, मध्ये गडद, कानाकडे राखाडी झाक. खाज नाही, दुखणं नाही. मुलीने वयाचा डाग समजून लेझर करून घेतलं. डाग फिका झाला आणि वर्षभरात परत आला. पहिला तुकडा फिकट भागातून काढला, त्यात काहीच निघालं नाही. दुसरा राखाडी भागातून घेतला, तेव्हा कळलं.

त्वचेचा डॉक्टर: असं होतं. एकाच डागात साधा भाग आणि बिघडलेला भाग शेजारी-शेजारी असू शकतात, म्हणून तुकडा कुठून घेतला याला फार महत्त्व. लेझरने वरचा रंग जातो, पण केसांच्या मुळांशी उतरलेल्या पेशी राहू शकतात. डोळ्यांना दिसते त्या कडेच्या पुढेही तो पसरलेला असतो, म्हणून कापताना आजूबाजूची त्वचाही घ्यावी लागते. साधे वयाचे डाग सहसा अनेक असतात आणि प्रत्येकाचा रंग एकसारखा असतो.

शब्दवेडा: मग ‘पसरता डाग’?

सोलापूरची सून: वांगही पसरतो की हो.

मेलबर्नची नर्स: तूर्त नाव तसंच ठेवते आणि पुढे लिहिते: ‘एकटाच, हळूहळू वाढणारा, दोन-तीन छटांचा सपाट डाग. दिसला की फोटो काढा, तारीख लिहा, क्रीम लावू नका, मला सांगा.’ ‘छटा’ सगळ्यांना कळेल ना, की ‘रंग’ लिहू?

सोलापूरची सून: ‘कुठे फिकट, कुठे काळपट’ लिहा. आणि सासूबाईंना मी उद्याच दाखवते.