प्रतिसाद: उपचारांसाठीचं मदतीचं आवाहन तपासताना

> "सोसायटीच्या ग्रुपवर पुण्यातल्या हॉस्पिटलमधल्या बाळासाठी पोस्टर आलंय, क्यूआरही आहे. खरं कसं ओळखायचं?"

बाळ खरं, हॉस्पिटल खरं आणि फक्त क्यूआर बदललेला, असंही होतं. त्यामुळे पोस्टरवरचा कोड स्कॅन करू नका. ज्या निधी गोळा करणाऱ्या प्लॅटफॉर्मचं नाव पोस्टरवर आहे, त्याची साइट स्वतः उघडून तिथे ते आवाहन शोधा आणि पैसे तिथूनच द्या. यूपीआय वापरलंत तर पिन टाकण्याआधी दिसणारं खातेदाराचं नाव वाचा. प्लॅटफॉर्म, रुग्णालय किंवा रुग्णाच्या घरच्यांऐवजी तिऱ्हाइताचंच नाव असेल तर तिथेच थांबा.

आता आजारपण खरं आहे का ते बघू. नातेवाइकांकडून खर्चाचं अंदाजपत्रक मागा. त्यावर रुग्णाचा नोंदणी क्रमांक, तारीख आणि शिक्का असतो. मग रुग्णालयाच्या अधिकृत साइटवरचा नंबर लावा (पोस्टरवरचा नको!) आणि बिलिंग किंवा समाजसेवा विभाग मागा. आजाराची माहिती ते देणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. म्हणून प्रश्न एवढाच ठेवा: "या क्रमांकाच्या बिलात मी थेट पैसे भरू शकतो का?" हो म्हणाले तर तिथेच भरा, हा सगळ्यात सुरक्षित मार्ग.

रुग्णालय धर्मादाय असेल तर घरच्यांना आणखी एक सांगा: तिथे १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. अर्ज कसा करायचा ते समाजसेवा विभागात विचारायचं, उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड घेऊन. तो मंजूर झाला तर लागणारी रक्कमच बरीच खाली येते.