एका बाजूच्या फोटोवरून गाडीची बॉडी कशी ओळखायची? (जुनी गाडी, बजेट २ लाख)

फुलवाली_चिपळूण
नमस्कार मंडळी. लग्न-मुंजीची फुलांची सजावट करते. पाच फुटी लोखंडी स्टँड नि बादल्या न्यायला जुनी गाडी घ्यायची आहे. बजेट २ लाख, त्यावर एक रुपया नाही. कोल्हापूरच्या एका एजंटने दोन गाड्यांचे फोटो पाठवलेत, दोन्ही फक्त बाजूने काढलेले आणि नंबरप्लेटवर बोट. मॉडेल विचारलं की म्हणतो, "ताई, बघायला या."

फोटो अ: पांढरी, छोटी गाडी, डॅटसनची वाटते. एजंट म्हणतो "मोठी फॅमिली गाडी". मागच्या दाराच्या मागे काहीतरी काळं दिसतं, पण ती काच आहे की स्टिकर ते कळत नाही.
फोटो ब: राखाडी, लांब, मागे डिकीचा पाट स्पष्ट दिसतो. स्कोडा असावी. एजंटने लिहिलंय "हॅचबॅक". इथे मला तो फसवतोय असं वाटतंय.

कुंभार्ली घाट चढून जाण्याआधी घरबसल्या कळेल का की कोणती हॅचबॅक, कोणती सेडान, कोणती एस्टेट नि कोणती एमपीव्ही?

आबा_सातारकर
ताई, सरळ एर्टिगा घ्या. आमच्याकडे २०१६ पासून आहे, अजून काडीचा त्रास नाही. सात माणसं बसतात, मागची ओळ पाडली की अख्खं घर मावतं.

फुलवाली_चिपळूण
आबा, बजेट २ लाख आहे.

आबा_सातारकर
थोडं वाढवा. गाडी रोज रोज घेतो का आपण?

रोहन_के
ओळखणं सोपं आहे. मागे शेपूट असेल तर सेडान, नसेल तर हॅचबॅक. शेपूट नाही आणि गाडी लांब असेल तर एस्टेट, उंच असेल तर एमपीव्ही. विषय संपला.

डिकीवाला
रोहन, आपल्याकडच्या गाड्यांना एवढा सोपा नियम पुरत नाही. चार मीटरच्या आतल्या गाडीला कर कमी, म्हणून २०१२ मध्ये डिझायरची शेपूट कापून गाडी ३९९५ मिमीवर आणली. बाजूने बघितलं तर काचेखाली वीतभर पायरी उरली आहे, तरी ती सेडानच. उलट महिंद्रा व्हेरिटो व्हाइबला शेपटीचा तुकडा दिसतो आणि ती विकली हॅचबॅक म्हणून. उंचीचंही तसंच. जुनी वॅगन आर एर्टिगाच्या जवळपास उंच आहे, तिला कोणी एमपीव्ही म्हणत नाही.

ताई, गाडीच्या टपाकडे बघा. टप कुठे संपतो आणि संपल्यावर काय होतं, हे आधी पाहायचं. मागच्या चाकाच्या जरा मागे टप संपून पत्रा जवळपास सरळ खाली उतरला तर हॅचबॅक. टप चाकाच्या आसपासच संपून काच तिरकी उतरली आणि पुढे आडवा पाट आला तर सेडान. टप तसाच बंपरपर्यंत गेला आणि मागच्या दारानंतर आणखी एक मोठी काच आली, तर एस्टेट किंवा एमपीव्ही. या दोघींतला फरक पुढच्या बाजूला बघायचा. एमपीव्हीचं बोनेट आखूड असतं आणि समोरच्या काचेचा पाया पुढे सरकलेला असतो. पुढच्या काचेची तिरकी कड मनातल्या मनात खाली वाढवा. ती रेघ पुढच्या चाकाच्या मध्याजवळ पडली तर एमपीव्हीची शक्यता जास्त. बरीच मागे, दाराकडे पडली तर सेडानवरून काढलेली एस्टेट.

मंजिरी_ब
+१ डिकीवाला. शिवाय एमपीव्हीच्या पुढच्या दाराआधी छोटी त्रिकोणी काच असते, ती बघा.

डिकीवाला
ती होंडा जॅझलाही असते, आणि जॅझ हॅचबॅक आहे. तेवढ्यावर जाऊ नका.

मरीनावाले_जोशी
एस्टेटबद्दल कोणी बोललं म्हणून लिहितो. आमच्याकडे टाटा इंडिगो मरीना होती. २००४ साली आली तेव्हा सोसायटीत सगळे हसले, शववाहिनी घेतली का म्हणाले. लांबी जवळपास इंडिगोइतकीच, फक्त टप शेवटपर्यंत ओढलेला. त्यात मी फ्रिज उभा नाही, पण आडवा नेलाय. आपल्या लोकांना एस्टेट कळलीच नाही, सगळ्यांना डिकीचा डबा वेगळा दिसायला हवा. आता बाजारात एस्टेट जवळपास मिळतच नाही.

रोहन_के
जोशीकाका, फ्रिज आडवा नेल्यावर कॉम्प्रेसरचं तेल...

मरीनावाले_जोशी
चार तास उभा ठेवून मग चालू केला. अजून चालतो.

डिकीवाला
फ्रिजचा धागा वेगळा काढा राव. ताई, फोटो अ बद्दल एक करा. डॅटसनची असेल तर ती गो आहे की गो प्लस एवढाच प्रश्न आहे. दोन्हींचा पुढचा भाग एकच, दोन चाकांमधलं अंतरही एकच, २४५० मिमी. गो ३७८५ मिमी लांब, गो प्लस ३९९५. म्हणजे २१० मिमीचा फरक, आणि तो सगळा मागच्या चाकाच्या मागे. फोटो लॅपटॉपवर मोठा करा आणि पट्टीने तीन गोष्टी मोजा: पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत, बंपर ते बंपर, आणि दोन्ही टायरांची या कडेपासून त्या कडेपर्यंतची आडवी रुंदी वेगवेगळी.

मंजिरी_ब
टायरांची कशाला?

डिकीवाला
फोटो खरंच बाजूने काढलाय की नाही ते कळायला. मोबाईल जवळ धरून मागच्या कोपऱ्यात उभं राहून काढला, तर मागचा भाग फुगतो आणि छोटी गाडीही लांब दिसते. मागचा टायर पुढच्यापेक्षा मोठा भरला, किंवा चाक गोल न दिसता अंड्यासारखं दिसलं, तर तो फोटो मोजायला निरुपयोगी.

फुलवाली_चिपळूण
मोजलं. चाकांच्या मध्यांमधलं अंतर ९८ मिमी, बंपर ते बंपर १५९ मिमी. दोन्ही टायर २२ मिमी, चाकं गोल दिसतात.

डिकीवाला
छान मोजलंत. गो असती तर ९८ ला एकूण लांबी साधारण १५१ भरली असती, गो प्लसला १६०. तुमची १५९ आली. पट्टीची चूक एखाद्या मिमीची धरली तरी १५१ पर्यंत खाली येत नाही. टायरही जुळतो. आधीच्या गोला १३ इंची चाकं होती, त्या टायरचा व्यास साडेपाचशे मिमीच्या आसपास, तो या मापात २२ च भरतो. म्हणजे गो प्लस. दारामागचं काळं म्हणजे तिसरी काच असणार, फिल्म लावल्याने कळत नसेल.

आबा_सातारकर
म्हणजे एमपीव्ही झाली की. मी एर्टिगाच म्हणत होतो.

डिकीवाला
सात सीट घालून एमपीव्ही म्हणून विकली, खरं आहे. पण बाजूने बघा ना. उंची गोपेक्षा ५ मिमीच जास्त, बोनेट तेच, समोरची काच तिथेच. हॅचबॅकचा टप मागे वाढवला, दुसरं काही नाही. माझ्या लेखी ती एस्टेट.

मंजिरी_ब
सात सीट आहेत तर एमपीव्ही. आरसीवर सीट किती ते लिहिलेलं असतं, आकार नाही.

मरीनावाले_जोशी
एस्टेटच. सीट कितीही घाला. दुसरीच्या वर्गातली पोरंसुद्धा तिथे मागे बसायला कंटाळतात.

रोहन_के
डॅटसन २०२२ मध्येच भारतातून बंद झाली हे कोणी सांगणार आहे का? विकायला गेलात की भाव पडेल.

गॅरेज_नाना
बऱ्याच गोष्टी निसानच्या मायक्राशी जुळतात, पार्ट मिळतात. पण मिळाले तरी वाट बघावी लागते. फोटो ब बद्दल सांगतो. ताई, एजंट खोटं बोलत नसेल. जुनी ऑक्टेव्हिया दिसायला सेडान, पण डिकी उघडली की मागची काच झाकणाबरोबर वर जाते. गॅरेजात नवी पोरं हमखास फसतात, झाकण एवढं जड का म्हणतात. लिफ्टबॅक म्हणतात तिला, मोजायचं तर हॅचबॅकच.

रोहन_के
मग बाजूच्या फोटोवरून तसं कळणार कसं?

गॅरेज_नाना
कठीण आहे. झाकणाची फट कुठे जाते बघायची. साध्या सेडानमध्ये फट काचेच्या पायथ्याशी थांबते, काच टपाला चिकटलेली राहते. लिफ्टबॅकमध्ये फट काचेच्या कडेने वर टपापर्यंत जाते. फोटोत ऊन तिरकं असेल तर बारीक काळी रेघ दिसेल, नाहीतर नाही. काचेवर वायपर दिसला तर जवळजवळ खात्री, सेडानला मागे वायपर सहसा देत नाहीत.

पुणे_सुपर्ब
आमची २००९ ची सुपर्ब दोन्ही तऱ्हेने उघडते, नुसती डिकी किंवा काचेसकट. आता अशी इंजिनिअरिंग कोण करतं? असो.

फुलवाली_चिपळूण
फोटोत काचेच्या खालच्या कोपऱ्यातून काहीतरी काठीसारखं बाहेर डोकावतंय. वायपर असू शकेल. कडेची रेघ दिसत नाही.

गॅरेज_नाना
मग बहुधा ऑक्टेव्हिया. पण घेऊ नका. पहिल्या पिढीची असेल तर पंधरा वर्षं झालेली असतील किंवा होत आली असतील. पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कराचं आधी विचारा. डिझेल असेल तर टर्बो, इंजेक्टर... एकेक काम सजावटीच्या एका सीझनची कमाई खातं.

मंजिरी_ब
+१. गो प्लसच घ्या ताई, निदान पेट्रोल आहे.

आबा_सातारकर
एर्टिगा.

फुलवाली_चिपळूण
(पुढच्या रविवारी)
जाऊन आले. फोटो अ गो प्लसच निघाली, डिकीवाला दादा. काळं म्हणजे काचच होती, वर फिल्म. मागची ओळ पाडून स्टँड घातला तर तो पुढच्या दोन सीटच्या मधून गिअरपर्यंत आला. चालवताना कोपर लागत होतं.

ब ऑक्टेव्हियाच होती, पेट्रोल, आणि काचेसकट उघडते. मागची सीट पाडली, स्टँड सरळ आत गेला, झाकण बंद. बादल्या उभ्या राहिल्या. पुनर्नोंदणी आधीच्या मालकाने गेल्या वर्षी केलेली, कागद बघितले. एक लाख नव्वदला घेतली. नाना, रागावू नका.

गॅरेज_नाना
रागावत नाही. कूलंट नि टायमिंग बेल्ट आधी बदलून घ्या, मगच घाटात घाला. पहिला खर्च तिथेच.

आबा_सातारकर
१० हजार उरले म्हणजे, ताई. ते पेट्रोलला ठेवा.

मरीनावाले_जोशी
ती गो प्लस अजून आहे का? एजंटाचा नंबर व्यनि करा.