मदत हवी आहे: कोलिस्टिनच्या वाफेने संध्याकाळीच छाती दाटते, सकाळी नाही. काहून?

सक्करदरावाला: आई ६१ वर्षांची, जुन्या टीबीने उजवं फुफ्फुस खालून खराब झालेलं, ब्रॉन्किएक्टेसिस म्हणतात. बेडक्याच्या कल्चरमध्ये तिसऱ्यांदा स्यूडोमोनास जंतू आला म्हणून धंतोलीतल्या डॉक्टरांनी नेबुलायझरमधून टोब्रामायसिन ३०० एमजी दोन वेळा २८ दिवस दिलं, मग २८ दिवस बंद, आणि त्या बंदच्या दिवसात कोलिस्टिन १० लाख युनिट दोन वेळा. टोब्राचा महिना आरामात गेला. कोलिस्टिनचा आज सहावा दिवस, सकाळी थोडा खोकला येऊन थांबते पण संध्याकाळी मशीन सुरू केल्यावर पाच मिनिटात छाती जाम, घरघर, आई माउथपीस काढून टाकते. डॉक्टर सोमवारी भेटतील. तोवर काय करू, आणि हे बंद करून टोब्राच चालू ठेवलं तर?

खामलाकर: अ‍ॅलर्जी आहे भाऊ, सरळ बंद करा. माझ्या मावशीला इंजेक्शनने असंच झालेलं.

रिटायर्ड_सिस्टर: थांबा, अ‍ॅलर्जी असती तर सकाळीही तेवढाच त्रास झाला असता. पुरळ, ओठ सुजणं असं काही आहे का? आणि औषध कसं कालवता ते नीट लिहा, व्हायल केवढी, पाणी किती, कधी.

सक्करदरावाला: पुरळ वगैरे काही नाही. व्हायल २० लाखाची मिळाली, दुकानदार म्हणाला हीच स्वस्त पडते. सकाळी ६ एमएल वॉटर फॉर इंजेक्शन टाकून खूप हलवतो, फेस येतो तो बसू देतो, ३ एमएल सकाळी देतो आणि उरलेलं ३ सिरिंजमध्ये भरून फ्रिजमध्ये, ते संध्याकाळी.

रिटायर्ड_सिस्टर: मला वाटतं इथेच गडबड आहे. व्हायलमध्ये असतं ते कोलिस्टिमेथेट, पाण्यात पडलं की हळूहळू त्याचं कोलिस्टिन बनत जातं आणि तेच श्वासनळीला झोंबतं. फ्रिजमध्ये हे मंदावतं, थांबत नाही. आधीच कालवून ठेवलेलं औषध वापरल्यावर अमेरिकेत एक पेशंट गेला होता, २००७ मध्ये तिथल्या औषध खात्याने म्हणूनच इशारा दिला होता. कालवलं की लगेच वापरायचं, उरलेलं टाकायचं. १० लाखाची व्हायल मिळते, ती मागा. जोरात हलवू नका, बोटांत धरून गोल फिरवा, फेसात औषध वाया जातं. नुसतं पाणी काही पेशंटना टोचतं, अर्धं सलाइन अर्धं पाणी चालेल का ते डॉक्टरांना फोन करून विचारा. आधी श्वासनळी मोकळी करणारं सॅल्ब्युटामॉल दिलं होतं का? आणि पहिला डोस दवाखान्यात फुंकणी टेस्ट करून दिला होता का?

सक्करदरावाला: दोन्ही नाही. पहिला डोस घरीच दिला, सॅल्ब्युटामॉल कुणी सांगितलंच नाही.

मानेवाडा_पप्पा: सॅल्ब्युटामॉलचा रेस्प्यूल त्याच कपात ओता ना, दोन्ही एकदम होऊन जातील. आम्ही मुलाच्या दम्याला बुडेसोनाइडसोबत असंच देतो.

रिटायर्ड_सिस्टर: पप्पा, तुमचं औषध वेगळं, ते जोडीने चालतं. कोलिस्टिनमध्ये काहीच मिसळायचं नाही. सॅल्ब्युटामॉल १५-२० मिनिटं आधी, मग खोकून, पाठ थोपटून बेडका काढणं, आणि शेवटी स्वच्छ कपात अँटिबायोटिक, म्हणजे ते कफावर न बसता आत पोचतं. घरी पीक फ्लो मीटर असेल तर औषधाच्या आधी आणि १५ मिनिटांनी फुंकायला लावा. सहावा भाग किंवा जास्त पडलं तर पुढचा डोस देऊच नका, डॉक्टरांना कळवा. बोलताना दम लागला, ओठ निळे पडले तर सोमवारची वाट पाहायची नाही.

खामलाकर: मग टोब्रा सलग का नाही देत? बंद ठेवून जंतूला सुट्टीच दिल्यासारखं.

रिटायर्ड_सिस्टर: सलग दिलं तर जंतू त्याला सरावतो, म्हणून तो ठरलेला गॅप. २८ म्हणजे २८, कॅलेंडरचा महिना नाही, नाहीतर दर फेरीला दोन-तीन दिवस सरकतं. ही वेळापत्रकं मुळात सिस्टिक फायब्रोसिसच्या पेशंटवर ठरली, टीबीनंतरच्या फुफ्फुसावर तितका पुरावा नाही, म्हणून मधल्या दिवसात कोलिस्टिन द्यायचं की काहीच नाही यावर डॉक्टरांची मतं वेगळी.

सक्करदरावाला: काल संध्याकाळचा फ्रिजमधला डोस टाकला. डॉक्टरांच्या मदतनिसाशी बोलणं झालं, ते म्हणाले अर्धं सलाइन चालेल, सॅल्ब्युटामॉल आधी द्या. आज मुद्दाम मोजलं. परवा संध्याकाळी २४० वरून १९० वर गेला होता (तेव्हा आकड्याचा अर्थच कळला नव्हता). आज संध्याकाळी ताज्या कालवलेल्या डोसला २४० चं २२५. खोकला आला, घरघर नाही. आता हे फ्रिजमुळे होतं, पाण्यामुळे की सॅल्ब्युटामॉल नव्हतं म्हणून, ते कळणार कसं, तिन्ही एकदमच बदललं. सोमवारी दवाखान्यात मशीन नेऊन तिथेच डोस देऊन पाहणार. आईचं म्हणणं टोब्राच्या वाफेला निदान चव तरी बरी होती.

रिटायर्ड_सिस्टर: मशीनसोबत तीच व्हायल न्या, आणि परवाचे-आजचे आकडे कागदावर लिहून. टोब्राच्या फेरीत कानात आवाज किंवा घसा बसला तर तेही सांगा, ते वेगळं प्रकरण आहे.