लाभांशातून कर्जाचं सगळं व्याज वजा होतं का?

बापू_गुंतवणूक: शेअर तारण ठेवून कर्ज काढा, आणखी शेअर घ्या. वर्षभराचं व्याज लाभांशातून वजा केलं की कर शून्य. टीडीएसही परत मिळतो. 2024-25 चं विवरणपत्र असंच भरणार.

नीलिमा: बापू, असं वाचून लोक तसंच भरतात, म्हणून सविस्तर लिहिते. 2024-25 साठी प्राप्तिकर कायद्याच्या कलम 57 नुसार व्याजाची वजावट लाभांशाच्या 20 टक्क्यांपर्यंतच मिळते. समजा 6 लाखांचं कर्ज, व्याज 60,000 आणि एकाच कंपनीचा लाभांश 40,000. कंपनीने 10 टक्के, म्हणजे 4,000 कापले आणि खात्यात 36,000 आले. तरी उत्पन्न 40,000 च दाखवायचं. वजावट 8,000, करपात्र 32,000. तीस टक्के दर आणि उपकर धरून कर 9,984. त्यातून टीडीएस वजा जाता 5,984 तुम्हीच भरायचे. परतावा कुठून येणार?

शशांक: म्हणजे खिशातून 60,000 गेले, तरी 32,000 वर कर! शिवाय कंपनीने नफ्यावर आधीच कर भरलाय. 2020 पूर्वी लाभांश वितरण कर कंपनीच भरायची, तेच बरं होतं.

नीलिमा: मोठ्या भागधारकांना बरं. तो कर कंपनीच्याच पैशातून जायचा, त्यामुळे करपात्र उत्पन्न नसलेल्या आजींच्या वाट्याचा लाभांशही तेवढाच घटायचा.

सुमन_काकू: आजींचं निघालंच आहे तर सांगते. माझं उत्पन्न करपात्र नाही, वय 67. टीडीएस कापू नका असं सांगणारा 15एच फॉर्म बँकेत दिला होता, तरी एका कंपनीने टीडीएस कापला.

विनय: काकू, बँकेतला फॉर्म बँकेच्या व्याजापुरता. लाभांशासाठी प्रत्येक कंपनीच्या भागधारकांची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रारकडे वेगळा, तोही दरवर्षी, लाभांश देण्याआधी द्यावा लागतो.

सुमन_काकू: बारा कंपन्यांकडे बारा फॉर्म? या वयात?

विनय: नियम मी केले नाहीत, काकू! एका कंपनीचा वर्षाचा लाभांश 5,000 च्या आत असेल तर कापतच नव्हते. 1 एप्रिल 2025 पासून ती मर्यादा 10,000 झालीय. कापलेलं प्राप्तिकर खात्याच्या 26एएस या उताऱ्यात बघा आणि विवरणपत्र भरून परत मागा.

शशांक: मर्यादा वाढली म्हणजे कर माफ झाला, असंही लोक समजतात.

विनय: कापणं थांबतं, कर राहतोच. पहिल्या रुपयापासून.

बापू_गुंतवणूक: बरं, वीस टक्के मानतो. पण उरलेले 52,000 वाया घालवणार नाही. शेअर विकताना खरेदी किमतीत धरीन.

नीलिमा: त्यावर न्यायाधिकरणांचे निकाल दोन्ही बाजूंनी आहेत. वजावटीत घेतलेले 8,000 तिथे पुन्हा धरता येणार नाहीत, हे मात्र पक्कं. बाकीचे धरायचे तर कर्जाची कागदपत्रं आणि पैसा कुठे गेला त्याचा पुरावा ठेवा.

शशांक: म्हणजे स्वतःच्याच खर्चासाठी भांडत बसायचं. वीसच का, चाळीस का नाही, हे कोणी सांगेल का?