पातेल्यातला पांढरा थर आणि फिल्टर

> "बोअरचं पाणी आहे, कार्बन बदलला तरी पातेल्यात पांढरा थर बसतोच, सिरॅमिक कँडल घालू काय?"

नको भावा, थर क्षारांचा हाय आणि ते विरघळलेले असतात, त्यामुळं कँडलमधनं आरपार जातात. कँडल गाळ अडवती, चांगली असली तर बरेच बॅक्टेरियापण, व्हायरस मात्र नाही. कार्बन क्लोरीन, वास खेचतो, क्षार तसेच. थर घालवायला आरओ मेंब्रेन लाव, युएफ म्हणजे नुसत्या बारीक गाळणीवाल्यानं टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, हलत नाही, दुकानदार दोन्हीला मेंब्रेनच म्हणतो म्हणून विचारून घे. पंचगंगेचं नळाचं पाणीपण त्याच मशीनला देत असशील तर आधी कार्बन पाहिजेच, क्लोरीननं मेंब्रेन खराब होतं. नंतर टीडीएस मीटर लाव, आत ६०० आणि बाहेर ५० आलं तर ठीक, बाहेरचा आकडा चढत गेला की मेंब्रेन गेलं समज.