प्रतिसाद: पगार खात्याचा अरबी संवाद

> "दुबईत बँकेच्या काउंटरवर अरबीत काय बोलू?"

या प्रश्नाला आधी आलेल्या उत्तरांतल्या वाक्यांत आयबान, म्हणजे खात्याचा आंतरराष्ट्रीय नंबर, राहिलाय, आणि पगार त्यावरच येतो.

– उरीदु अन अफ्तह हिसाब रातिब. (पगार खातं उघडायचंय.)
– हल मअक शहादत रातिब? (पगाराचा दाखला आहे का?)
– नअम, तफद्दल. (हो, हा घ्या.)
– वक्किअ हुना. (इथे सही करा.)
– उरीदु रक्म अल-आयबान मक्तूबन. (आयबान नंबर लिहून हवा.)

काउंटरवर बाई असतील तर 'तफद्दली' म्हणा. आयबान तिथेच मोजा: AE धरून 23 अक्षरं-अंक. एखादा गळला तर पगार अडकेल. शिवाय विचाराच, "हल हुनाक हद्द अदना लिर-रसीद?" म्हणजे किमान शिल्लक लागते का.