माफीची अपेक्षा नाही हे लिहावं का?

जुन्या चुकीची कबुली देणाऱ्या पत्राबद्दल इथे कुणीतरी विचारलं आहे: "माफीची अपेक्षा नाही, असं पत्रात स्पष्ट लिहावं का?" माझ्या मते एका ओळीत लिहावं, पण पत्राचा जीव तिथे नसतो. आईला तिच्या चुलत दिरांचं असं पत्र आलं होतं. "वहिनी, हक्कसोडपत्रावर तुमची सही मी बँकेचा कागद सांगून घेतली. तुम्ही खरं बोलत होता." 'तेव्हा परिस्थितीच तशी होती' वगैरे काही नाही. आईने उत्तर दिलं नाही, पण भावकीत तिला खोटं पाडणाऱ्यांना ते वाचून दाखवलं.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेच्या बारा पायऱ्यांपैकी नववी पायरी दुखावलेल्यांची भरपाई करण्याची आहे. तिच्यात एक अट आहे, ती इथे कुणी सांगितली नाही: भरपाई करताना त्या व्यक्तीला किंवा इतरांना इजा होणार असेल, तर थांबायचं. जुनं प्रेमप्रकरण असेल आणि पाकीट घरातलं कुणीही फोडणार असेल, तर पत्र पाठवूच नये.